सभासद नावाने शोधल्यावर सापडत नाहीत (लालबाग शाखा): बुधवार, ३ सप्टेंबर, दुपारी १:१५ची स्थिती

नमस्कार मॅडम,

तुमचा मुख्य प्रश्न सभेच्या नोटिशींचा आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर. नोटिशींची यादी मंगळवारी, ९ सप्टेंबरला सकाळी ११ वाजता तुम्हाला मिळेल. सभा २८ तारखेला आहे. मधले १४ पूर्ण दिवस धरले तर नोटिशी १३ तारखेपर्यंत टपालात पडायला हव्यात, म्हणजे छपाई आणि पाकिटं भरण्यासाठी तुमच्या हातात चार दिवस राहतात. नावांची दुरुस्ती उद्या, गुरुवारी रात्री ९ वाजता करत आहोत.

शुक्रवारपासून तुम्ही चारदा विचारलंत आणि त्यावर दोनदा आमच्याकडून फक्त ‘काम चालू आहे’ एवढंच उत्तर आलं. त्यातून तुम्हाला काहीच कळण्यासारखं नव्हतं. म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

बिघाड काय आहे: गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे यांसारख्या आडनावांतला अर्धा ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आतली अक्षरं मात्र वेगळी असतात. जुन्या फॉन्टमधला डेटा युनिकोडमध्ये आणला तेव्हा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह अशी तीन अक्षरं पडली. आता काउंटरवर इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून J मारला की थेट ‘ऱ’ उमटतो. शोध अक्षराला अक्षर लावून पाहतो, त्यामुळे आज टाइप केलेलं ‘कऱ्हाडे’ जुन्या ‘कऱ्हाडे’शी जुळत नाही. ‘ॲ’चंही तसंच आहे. काही नोंदींत तो एकच अक्षर आहे, काहींत ‘अ’वर वेगळी चंद्राची खूण चढवलेली आहे. ॲग्नेस नावाच्या सभासद सापडत नव्हत्या त्या यामुळेच. काउंटरवरच्या कोणाचीही टाइप करण्यात चूक झालेली नाही, हे कृपया त्यांनाही सांगा.

एकूण ४,३१२ सभासदांपैकी १३७ नावांत जुना ‘ऱ’ आहे आणि १९ नावांत ‘ॲ’चा घोळ आहे. ही १५६ नावं चाचणीच्या प्रतीवर दुरुस्त झाली आहेत आणि शोधात सापडतात.

मग सोमवारीच का नाही उरकलं? कारण सोमवारी चाचणीवर दुरुस्त केलेली नावं मंगळवारी संध्याकाळी पुन्हा जुनी झालेली दिसली. पिग्मी एजंटांच्या मोबाइल ॲपमध्ये सभासदांची नावं साठवलेली असतात. संध्याकाळी वसुली पाठवताना ॲप रकमेबरोबर नावही पाठवतं आणि मूळ नावावर आपलं जुनं नाव लिहून टाकतं. सोमवारीच खऱ्या डेटावर काम केलं असतं तर मंगळवारी रात्री तुम्हाला तीच तक्रार पुन्हा करावी लागली असती. यावर आज सकाळी डेटाबेसमध्येच ट्रिगर बसवला. नाव काउंटरवरून येवो की ॲपमधून, साठवण्याआधी ते एकाच रूपात बदललं जातं. आज संध्याकाळच्या वसुलीच्या वेळी चाचणीच्या प्रतीवर तो तपासायचा आहे. एवढी एकच पायरी उरली आहे.

संगणक समितीला पाहायचं असेल तर उद्या चालवायची आज्ञा ही. ट्रिगरमध्येही हेच रूपांतर आहे:

```sql
UPDATE sabhasad SET nav =
  replace(replace(normalize(nav, NFC),
    U&'\0930\094D\200D', U&'\0931\094D'),
    U&'\0905\0945', U&'\0972');
```

साधा ‘र्ह’ आणि ‘र्य’ आम्ही मुद्दाम हात न लावता सोडले आहेत. सरसकट बदलले असते तर सूर्यवंशींचे ‘सूऱ्यवंशी’ झाले असते. ज्यांत खरोखर ‘ऱ’ हवा असावा असं वाटतं अशी ११ नावं वेगळी काढली आहेत. ती तुमच्याकडच्या अर्जांवरून हातानेच ठरवावी लागतील, पण त्याची घाई नाही. सभेनंतर पाहिलं तरी चालेल.

घाई आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. नाव सापडलं नाही म्हणून सहा सभासदांची नवीन नोंद झाली आहे, म्हणजे त्यांना दोन-दोन सभासद क्रमांक पडले आहेत. त्यांपैकी चौघांची पिग्मी नव्या क्रमांकावर जमा होते आहे. कोणता क्रमांक ठेवायचा हे आम्ही ठरवू शकत नाही. शेअर दाखल्यावर जुना क्रमांक असल्यामुळे तोच ठेवावा असं आमचं मत आहे, पण निर्णय संस्थेचा. सोबतच्या `dubar_sabhasad.xlsx`मध्ये सहाही जणांचे दोन्ही क्रमांक आणि शिल्लक रक्कम दिली आहे. शेवटच्या रकान्यात ठेवायचा क्रमांक लिहून फाइल उद्या, गुरुवारी दुपारी २ वाजेपर्यंत याच तिकिटावर परत टाका. ती वेळेत आली नाही तरी नावांची दुरुस्ती ठरल्याप्रमाणे होईल, पण हे सहा जण मंगळवारच्या यादीत दोनदा येतील आणि त्यांना दोन नोटिशी जातील.

गुरुवारचं काम असं होईल. एजंटांची वसुली ८:३०पर्यंत येते. ९ वाजता सिस्टम बंद करून पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेऊ आणि जुनी नावं वेगळ्या तक्त्यात जपून ठेवू, म्हणजे काही बिनसलं तर १० मिनिटांत मागे जाता येईल. त्यानंतर ट्रिगर, मग वरची आज्ञा, मग १५६ नावांची तपासणी. १०:३०पर्यंत सिस्टम परत सुरू होईल. शनिवारी अनंत चतुर्दशीला शाखा बंदच असते, तेव्हा करा असं तुम्ही सुचवलं होतं. पण सर्व्हर शाखेत आहे, आणि विसर्जनाच्या दिवशी काही अडलं तर लालबागमध्ये पोचणंच कठीण. शिवाय गुरुवारी केलं तर शुक्रवारचा पूर्ण दिवस काउंटरवर वापरून पाहायला मिळतो.

तोपर्यंत काउंटरवर एवढं करा: शोधताना नावातला ‘ऱ’ टाळून पुढचा तुकडा टाका. ‘हाडे’ टाकलं की कऱ्हाडे आणि वऱ्हाडे दोन्ही येतात. गोऱ्हेंसाठी उरलेला तुकडा फारच लहान आहे, तिथे पहिलं नाव किंवा मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे वापरा. आणि मोबाइल नंबरने शोधल्याशिवाय शुक्रवारपर्यंत कोणाचीही नवीन सभासद म्हणून नोंद करू नका.

पुढची नोंद आज रात्री ९ वाजता, संध्याकाळच्या चाचणीचा निकाल लागल्यावर. निकाल वाईट आला तरी त्याच वेळी लिहीन, आणि गुरुवारची वेळ बदलणार असेल तर नवी वेळही तिथेच सांगेन. त्यानंतरची नोंद गुरुवारी रात्री काम संपल्यावर. मध्ये काही नवीन आढळलं, एखादं नाव किंवा एखादा दुबार क्रमांक, तर इथेच लिहा. फोनवर सांगितलेलं रात्री काम करणाऱ्यापर्यंत पोचतंच असं नाही.

डेटाबेस विभाग