माऊस सोडा

वसुबारसेच्या सकाळी प्रभाकरभाऊंनी पलंगावर बसल्या बसल्या लॅपटॉप मांडीवर घेतला, नंबर टाकला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरचा स्क्रीन समोर आला. घरापासून दुकान चालत बारा मिनिटांवर. पण उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. माळ्यावरून पणत्यांचं खोकं काढताना खालचा स्टूल सरकला आणि घोटा मोडला. नागपूरला नेऊन प्लास्टर घालून आणलं, डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. दिवाळी तेव्हा नऊ दिवसांवर होती.

उमरेडच्या बाजारात हे नऊ दिवस म्हणजे काय, ते काउंटरमागे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. खाणीतल्या माणसांच्या हातात बोनस असतो, सोयाबीन विकून शेतकरी आलेला असतो, भिवापूरकडच्या बाया दोन-दोन घरांची यादी एकाच चिठ्ठीवर घेऊन येतात. मैदा, रवा, बेसन, भाजके पोहे, चारोळी, खसखस. एकेक बिल चाळीस ओळींचं. वर्षभर उधारी सांभाळलेलं गिऱ्हाईक या आठवड्यात रोख देतं, आणि या आठवड्यात ज्याला रांगेत ताटकळावं लागलं ते पुढच्या वर्षी समोरच्या दुकानात दिसतं.

काउंटरवर सुनंदाबाई होत्या. माल काढून द्यायला गजानन होता, तो चोख होता. पण बिलिंगला आजवर भाऊंशिवाय कोणी बसलंच नव्हतं. नागपूरला मिहानमध्ये नोकरी करणारा अंकुश दोन दिवस सुट्टी काढून आला, आईला बिल करायला शिकवलं आणि बाबांच्या लॅपटॉपवर दुकानाचा स्क्रीन दिसेल अशी सोय करून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, इथून दिसते सगळं. माऊसही चालते. पण एक लक्षात ठेवा, माऊस दोघांचा एकच आहे."

भाऊंनी मान हलवली होती.

पहिले दोन दिवस ते नुसते पाहत राहिले, आणि पाहताना त्यांच्या छातीतली धडधड कमी झाली. स्क्रीनवर बाण हळूहळू सरकायचा, मधेच थांबायचा, म्हणजे सुनंदाबाई चष्मा वर करून चिठ्ठी वाचत असणार. मग एकदम सात-आठ ओळी भरभर उमटायच्या, म्हणजे स्कॅनर चालला. मिरची वजनावर आली की दशांश चिन्हाजवळ हात अडखळायचा. आवाज येत नव्हता, माणसं दिसत नव्हती, पण बिलांच्या ओळींवरून भाऊंना कोण आलं ते ओळखू येत होतं. अर्धा किलो तूर, पाव जवस, दोन पुडे बिड्या, म्हणजे रामाजी. पाच किलो मैदा एकदम, म्हणजे बसस्टँडचा हॉटेलवाला.

वसुबारसेला मात्र त्यांना सुटीचा रकाना खटकला.

एका बिलात २० रुपये सूट. दोन बिलं सोडून पुन्हा २०. मग ४०. भाऊंनी मागची बिलं उघडून पाहिली नाहीत, पुढचीच मोजत राहिले. दुपारी बारापर्यंत ३०० रुपये सुटले होते. किराण्यात तेलाच्या डब्यामागे दहा-बारा रुपये मिळाले तरी माणूस देवाला हात जोडतो, आणि ही मागेल त्याला वीस रुपये सोडून राहिली! ऐन दिवाळीत! त्यांनी फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. मग त्यांनाच वाटलं की गर्दीत फोन उचलला नाही हे बरंच झालं, आणि तरीही राग गेला नाही.

सव्वाबाराला एका मोठ्या बिलात ती ओळ आली: DIWALI SABAN BOX 3N, १८० रुपये. पुढे करापोटी १८ टक्के.

भाऊ ताठ बसले. अठरा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण अठरावरून पाच टक्क्यांवर आला होता. केसांचं तेल, शाम्पू, टूथपेस्ट, सगळं पाचवर. तूप, शेव-चिवड्याची पाकिटं, बदाम बारावरून पाचवर. २१ सप्टेंबरच्या रात्री अंकुशला फोनवर ठेवून त्यांनी स्वतः एकेक वस्तू उघडून दर बदलले होते, रात्रीचा दीड वाजला होता. मग हा डबा कसा सुटला? तेव्हा उमगलं. तीन साबणांचा हा डबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नागपूरच्या इतवारीतल्या किराणा ओळीतून आणला होता, गोदामात पडून होता. नोंद करताना त्यांनीच तो साबणाच्या यादीत न टाकता दिवाळीच्या यादीत टाकला होता. साबणाची यादी बदलली, दिवाळीची उघडलीच नाही.

कागद घेऊन त्यांनी हिशेब मांडला. १८० मधून जुना कर काढला तर माल १५२ रुपये ५४ पैशांचा. त्यावर पाच टक्के म्हणजे १६० रुपये. डब्यावर छापील किंमत जुनी असली तरी आज घ्यायचे एकशे साठच. म्हणजे दर डब्यामागे गिऱ्हाइकाचे वीस रुपये आपल्या गल्ल्यात चालले. नरक चतुर्दशीच्या आंघोळीचा साबण, घरोघरी जाणारा! त्यांची कानशिलं तापली. वडिलांपासून या दुकानात वजनाचा काटा कधी हलला नव्हता.

हा दर आत्ताच्या आत्ता बदलायचा, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी माऊस धरला, वस्तूंची यादी उघडली, पासवर्ड टाकायला सुरुवात केली.

स्क्रीनवरचा बाण थरथरला. उजवीकडे गेला, डावीकडे ओढला गेला. यादी मिटली, बिल दिसलं. भाऊंनी पुन्हा यादी उघडली. पुन्हा मिटली. पासवर्डाचे चार आकडे बिलातल्या वजनाच्या रकान्यात जाऊन पडले. कोणीतरी ते खोडले. भाऊंनी बाण वर नेला, तो खाली आला. स्क्रीनवर एक प्रश्न उमटला, बिल रद्द करायचं का, आणि कोणाच्या हातून कोण जाणे, "हो" दाबलं गेलं. बत्तीस ओळींचं बिल गेलं.

क्षणभर काहीच हललं नाही.

मग वस्तू शोधायच्या चौकटीत एकेक अक्षर उमटू लागलं. S. O. D. A.

खाली यादी उघडली. KHANYACHA SODA 100G. DHUNYACHA SODA 500G. भाऊंना वाटलं, गिऱ्हाइकाला सोडा पाहिजे असेल, आणि घाईत त्यांनी खाण्याचा सोडा निवडूनही दिला. ती ओळ लगेच खोडली गेली. चौकटीत पुन्हा अक्षरं आली, या वेळी सावकाश, एक बोट चालवणाऱ्या माणसाची:

MOUSE SODA

भाऊंनी हात उचलला. चटका बसावा तसा उचलला आणि उशीखाली ठेवला.

बाण मोकळा झाला. बत्तीस ओळी पहिल्यापासून सुरू झाल्या. पोहे. रवा. साखर. समोर ते गिऱ्हाईक उभं असेल, काढून ठेवलेल्या पिशव्या गजाननने पुन्हा उपसल्या असतील, मागे रांग रस्त्यापर्यंत गेली असेल, आणि हे सारं आपल्या दोन बोटांनी झालं. हात उशीखाली ठेवून ते प्रत्येक ओळीबरोबर मनात मोजत राहिले. एकविसावी ओळ साबणाचा डबा. दोन नग, ३६०. बिलाच्या शेवटी बाण सुटीच्या रकान्यात गेला आणि तिथे ४० उमटले.

भाऊंनी श्वास रोखला. मग मागची बिलं आठवून पाहिली. वीस सुटले त्या बिलात एक डबा. चाळीस सुटले तिथे दोन. डबा नाही तिथे एक रुपयाही सुटलेला नव्हता.

रात्री साडेदहाला सुनंदाबाई आल्या. पाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि पलंगाच्या कडेला बसल्या. पोटऱ्या सुजल्या होत्या.

"साबणाचं तुले कधी समजलं?" भाऊंनी विचारलं.

"काल संध्याकाळी. शाळेतल्या बाई आल्या होत्या. म्हणे, सुटा साबण त्रेपन्नचा, तीन घेतले त एकशे एकोणसाठ. मंग डब्बा एकशे ऐंशीचा कसा? मी पाहिलं त खरंच. दर बदलायले गेली त पासवर्ड मागते."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगाले आली होती. तुम्ही गोळी घेऊन झोपले होते. सकाळी म्हटलं, त तुम्ही म्हणाले, तू फक्त बिल कर, बाकी मी पाहून राहिलो."

भाऊंना ते वाक्य आठवलं. चहाचा कप हातात होता आणि नजर लॅपटॉपवर.

सुनंदाबाईंनी पिशवीतून वही काढली. "सूट देणं सुरू करायच्या आधी अकरा डब्बे गेले. सहा आपल्या खात्यातल्या लोकांचे, त्यांच्या नावावर वीस-वीस जमा केले. पाच रोखीचे, नाव नाई. त्यासाठी काउंटरवर कागद लावला, डब्बा आधी नेला असन त वीस रुपये परत घेऊन जा. दोघी येऊन गेल्या."

वहीतल्या सहा नावांपुढे सहा आकडे, शेवटी बेरीज. भाऊंनी ती दोनदा वाचली. सत्तावीस वर्षं ही बाई दुपारी डबा घेऊन दुकानात येत होती आणि गल्ल्याच्या पलीकडे उभी राहून परत जात होती.

"इकडे आण," ते म्हणाले. वहीच्या कोपऱ्यात त्यांनी पासवर्ड लिहिला. दुकानाचा जुना फोन नंबर.

सुनंदाबाईंनी वाचला आणि चष्मा काढला. "हाच असन, असं वाटलं होतं मले. टाकून पाहिला नाई."

"काऊन?"

"तुम्ही सांगितला नव्हता."

मग दोघांनी मिळून दिवाळीची यादी उघडली. साबणाचा डबा पाचवर आणला. त्याच यादीत सुगंधी केसतेलाची बाटलीही अठरावर निघाली. ती अजून एकही विकली गेली नव्हती. तोही दर सुनंदाबाईंनीच बदलला, भाऊंनी फक्त बोट दाखवलं. झोपण्याआधी त्यांनी अंकुशला फोन लावून एकच विचारलं, इथून नुसतं दिसेल आणि माऊस चालणार नाही, असं करता येतं का. दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक टिक काढायची असते, अंकुश म्हणाला. सुनंदाबाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

धनत्रयोदशीला सकाळी आठपासूनच बिलं सुरू झाली. भाऊंनी सवयीने माऊस हलवला. तिकडचा बाण जागचा हलला नाही. आपल्याच लयीत ओळी उतरवत राहिला. साबणाचा डबा, १६०, ५ टक्के. सुटीचा रकाना कोरा.

साडेअकराच्या सुमाराला दोन बिलांच्या मधे जरा उसंत मिळाली असावी. शोधायच्या चौकटीत अक्षरं उमटली.

GOLI

यादी उघडली: SANTRA GOLI, LIMBU GOLI, ALEPAK GOLI. भाऊ थांबून राहिले. अक्षरं पुढे सरकली.

GOLI GHETLI KA

उत्तर टाईप करायची सोय आता उरली नव्हती. भाऊंनी उशाजवळची पट्टी ओढली, एक गोळी फोडून पाण्याबरोबर घेतली आणि मग फोनवर दुकानाला एक मिस्ड कॉल दिला. चौकट कोरी झाली. पुढचं बिल मैद्यापासून सुरू झालं.