ग्राफच्या कागदाची होडी

सोलापूरचा पाऊस जून-जुलैत नुसती हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात, गणपती उठता उठता, राहिलेली सगळी उधारी एकदम फेडतो. तशाच एका दुपारी, अशोक चौकामागच्या गल्लीतून पाणी वाहू लागल्यावर, सात वर्षांची सई आजोबांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, मला होडी करून द्या ना."

"करून देणार नाही, शिकवीन," आबा म्हणाले. आवाज अलीकडे इतका खाली गेला होता की ऐकणाऱ्याला जवळ यावे लागे. सई मात्र कायम जवळच असे. "पण सव्वातीननंतर. आताच गोळी घेतली आहे."

पार्किन्सनचे निदान होऊन सहा वर्षे झाली होती. गोळी अंगात भिनायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि डाळ, दूध किंवा अंडे तिच्या वेळेला पोटात असेल तर त्याहूनही जास्त, हे घरातल्या सगळ्यांना पाठ झाले होते. तोवर आबांचा उजवा हात मांडीवर एकटाच आपले काम करत बसे: अंगठा तर्जनीवर फिरत राही, जणू मागावर तुटलेला धागा पीळ देऊन जोडायचा आहे.

मागाशी त्यांचा संबंध खरोखरच होता, मात्र धागे जोडण्याचा नव्हे. चौतीस वर्षे त्यांनी चादरींच्या कारखान्यात जकार्डचे ग्राफ भरले. बारीक चौकटींच्या कागदावर जी चौकट रंगवायची, त्या ठिकाणी उभा धागा आडव्यावर उचलला जाणार. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पडणार आणि मग मोर, वेल किंवा कोयरी विणली जाणार. एक चौकट चुकली की तोच दोष प्रत्येक चादरीत उतरे. म्हणूनच आजाराची पहिली खूण घरच्यांच्या आधी त्यांनी स्वतःच ओळखली होती. तेव्हा हात थरथरत नव्हता. फक्त अक्षर बारीक होत चालले होते, ओळीच्या शेवटाला तर मुंगीएवढे. पुढे बँकेत सही जुळेना. त्यानंतर त्यांनी पेन हातात धरले नाही.

सव्वातीनला आबांनी कपाटातून जुन्या ग्राफांची गुंडाळी काढायला लावली. कागद पिवळा पडला होता, पण चौकटी शाबूत होत्या.

"यावर का?"

"मधली रेघ आधीच आखलेली आहे. डोळ्याने मोजायला नको."

कागद अर्ध्यात दुमडायचा, वरचे दोन्ही कोपरे मधल्या रेघेवर आणायचे, खालच्या पट्ट्या एक पुढून आणि एक मागून वर घ्यायच्या. झाली टोपी. प्रत्येक घडीवर आबा नख दाबून फिरवत आणि घडी सरळ बसे. सई कागदाकडे नव्हे, त्यांच्या हाताकडे पाहत होती.

"आजोबा, तुमचा हात आता हलत नाही."

"त्याला रिकामं बसवलं की तो हलतो. काम दिलं की थोडा थांबतो." हे डॉक्टरांनीही सांगितले होते, पण त्यांना ते सईसारखे कुतूहलाने कोणी विचारले नव्हते.

टोपी उघडून चौकोन केला, त्याची खालची टोके वर दुमडली, पुन्हा चौकोन केला. शेवटची पायरी मात्र अडली. वरची दोन टोके दोन्ही हातांनी एकाच वेळी बाहेर ओढायची होती. उजवा हात निघाला, डावा जागच्या जागी राहिला. कागद तिरका फाटला. आजी स्वयंपाकघरातून उठू लागल्या. आबांनी मानेनेच त्यांना थांबवले.

"दुसरा घे. इथपर्यंत तू कर, आणि ओढताना एक टोक तू धर, एक मी धरतो."

सईची घडी जाड झाली, एक कोपराही रेघेबाहेर गेला. आबांनी तो उलगडायला लावला. ग्राफ भरणाऱ्याची ही खोड जात नाही. तिसऱ्या कागदाला दोघांनी टोके धरली, सईने "एक, दोन, साडेमाडे तीन" म्हटले आणि होडी उघडली.

"आता नाव लिहा हिच्यावर."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि होडीच्या कडेवर 'सिद्धेश्वर' लिहायला घेतले. 'सि' ठळक आला, 'द्धे' लहान, 'श्व' त्याहून लहान, आणि 'र' नाकाच्या टोकापाशी ठिपक्याएवढा उरला. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

सईने होडी डोळ्यांजवळ नेली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पुढचं टोक लांब गेलंय ना, म्हणून तिथलं लहान दिसतंय."

आबांचा चेहरा हल्ली फारसा हसत नसे. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"आण दुसरी. तिच्यावर तुझं नाव लिहितो."

बाहेर पन्हाळीचे पाणी अंगणातल्या परातीत पडत होते. सईने कागद उचलला आणि मधली रेघ शोधू लागली.