अँटिगनी
(दीर्घांक, मध्यंतर नाही. अवधी सुमारे ९० मिनिटे)

कथासूत्र
गादीसाठी लढताना दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या हातून मेले. नवा राजा क्रेऑन एकाला इतमामाने मूठमाती देतो; दुसरा देशद्रोही, म्हणून त्याचं प्रेत उघड्यावर. हात लावेल त्याला देहदंड! बहीण अँटिगनी रात्री जाते आणि प्रेतावर मूठभर कोरडी माती टाकते. ती राजाची भाची, त्याच्या मुलाची वाग्दत्त वधू. पुढचं रंगमंचावरच पाहावं.

प्रयोगाविषयी
ग्रीक नाटककार सोफोक्लिसने हे नाटक इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमारास लिहिलं. रंगमंचावर तिसरा नट त्यानेच आणला, असं अ‍ॅरिस्टॉटल सांगतो. आमच्याकडेही तीनच नट सगळ्या भूमिका करतात, मुखवटे बदलून. बदल विंगेत लपवलेला नाही. क्रेऑनचा मुखवटा उतरताना नटाचा घामेजलेला चेहरा दिसेल, तो दिसू द्यायचाच आहे. कोरसची गाणी निम्मी कापली, याबद्दल तालमीत बरीच भांडणं झाली. क्रेऑनला मात्र आम्ही खलनायक केलेलं नाही. यादवीतून नुकत्याच सावरणाऱ्या नगराला शिस्त हवी, हे त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही.

तिसरी घंटा झाल्यावर प्रवेश नाही. मोबाइल बंद ठेवावेत.