गोलकीपरचा आठवडा: शाळेच्या संघातील दोन्ही कीपरसाठी सराव-पत्रक (ऑक्टोबर ते डिसेंबर)

वेळ सकाळी ६:१५ ते ७:१५, शनिवारी सामना, रविवारी सुट्टी. ऑक्टोबरात नागपूरचं ऊन आठ वाजताच टोचायला लागतं, त्यामुळे उशीर झाला तर व्यायाम कमी करायचे, वेळ वाढवायची नाही. सरावाआधी एखादं केळ पुरे. तर्री-पोहे नंतर, पोटात असले की पहिल्याच वाकण्याला छातीशी येतात.

साहित्य: पाच नंबरचे चार चेंडू, दोन टेनिस बॉल, सहा कोन, १५ मीटरच्या दोन दोऱ्या. चेंडूत हवा ०.६ ते ०.८ बार ठेवा. दगडासारखा भरलेला चेंडू हातातून उसळतो आणि दोष उगाच हातांवर येतो.

रोज सुरुवातीला दहा मिनिटं हलकं धावणं, खांदे-मनगटं-कंबर फिरवणं, मग दोन मीटरवरून एकमेकांकडे २० सोपे झेल. हे झेल टाळून थेट जोरदार शॉट घेतले की बोटं दुखावतात.

सोमवार: पाय

आठवडा पायांपासून सुरू होतो, कारण चुकलेल्या बहुतेक डाइव्हचं मूळ त्याआधीच्या दोन पावलांत असतं.

कोन ५० सेंटिमीटर अंतरावर सरळ रांगेत ठेवा. त्यांच्यामधून आडवी, छोटी पावलं टाकत जा. टाचा एकमेकींना लागू देऊ नका. शेवटच्या कोनाला थांबून तयार पवित्रा घ्या: पाय खांद्याएवढे फाकलेले, वजन चवड्यांवर, हात कमरेच्या पुढे. त्याच क्षणी जोडीदार चेंडू फेकेल. दहा सेकंद काम, तीस सेकंद विश्रांती, असे आठ वेळा. शॉट बसताना कीपरचे दोन्ही पाय जमिनीवर हवेत. एक पाय हवेत असला की दुसऱ्या बाजूला झेपच घेता येत नाही.

मग दोरीचा व्यायाम. एकेक दोरी एकेका खांबाला बांधा आणि दोन्हींची टोकं चेंडूपाशी आणा. चेंडू पेनल्टीच्या ठिकाणी, म्हणजे गोलपासून ११ मीटरवर ठेवला की किती जागा झाकायची आहे ते डोळ्यांना दिसतं. दोऱ्यांच्या मधोमध उभे राहा आणि दोन पावलं पुढे या. दोन्ही बाजूंची दोरी जवळ येते. चेंडू डावीकडे, मग उजवीकडे हलवून हेच करा. गोल ७.३२ मीटर रुंद आहे, पण बरोबर जागी उभ्या असलेल्या कीपरला तो तेवढा राखावा लागत नाही.

डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूसाठी उलट्या पावलांनी मागे धावू नका, पाठीवर पडाल. कंबर वळवून एक पाय मागे टाका आणि आडवे पळा, नजर चेंडूवरच. प्रत्येक बाजूला सहा वेळा.

मंगळवार: हात

छातीच्या वरच्या चेंडूला अंगठे जवळ आणि बोटं पसरलेली, म्हणजे चेंडूच्या मागे हातांचा इंग्रजी डब्ल्यू दिसतो. पोटाशी येणारा चेंडू दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन छातीशी आवळायचा. जमिनीवरून येणाऱ्याला करंगळ्या जवळ, तळवे चेंडूकडे आणि एक गुडघा दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ टेकवलेला. ही फट उघडी राहिली की चेंडू पायांतून जातो आणि पॅव्हेलियनपर्यंत हशा ऐकू येतो.

प्रत्येक प्रकाराचे १५ चेंडू, आठ मीटरवरून. नंतर दहा क्रॉस: पळत या, एका पायावर उडी घ्या, दुसरा गुडघा वर, चेंडू कपाळाच्या पुढे आणि सर्वांत उंच ठिकाणी पकडा. गर्दीत पकडणं शक्य नसेल तर दोन्ही मुठींनी वर आणि बाहेर ठोसा. अर्धवट पकडायला जाणं सगळ्यांत घातक.

चेंडू वारंवार सुटत असेल तर आधी कोपरं बघा. ताठ कोपरांवर चेंडू आदळून परत जातो. किंचित वाकलेली कोपरं तो आत घेतात. डिसेंबरात दवाने चेंडू निसरडा होतो. ग्लोव्ह्जचे तळवे थोडे ओले करून घ्या, कोरडं लेटेक्स तेव्हा पकड देत नाही.

बुधवार: डाइव्ह

आपल्या मैदानाची जमीन पाऊस गेला की टणक होते आणि काळ्या मातीला भेगा पडतात. त्यामुळे डाइव्ह शिकायची ती लांब उडीच्या वाळूत किंवा कबड्डीच्या मॅटवर. वाळू आधी फावड्याने ३० सेंटिमीटर खोल मोकळी करा आणि हाताने चाळा. काच, खडे निघतात.

क्रम चार टप्प्यांचा: बसून, गुडघ्यांवरून, उकिडवं बसून, उभं राहून. प्रत्येक टप्प्यात दोन्ही बाजूंना सहा-सहा. आधीचा टप्पा स्वच्छ झाल्याशिवाय पुढचा नाही, मग तो पूर्ण महिना लागला तरी चालेल.

उभ्याने घेताना चेंडूच्या बाजूचा पाय ४५ अंशांत पुढे टाका, सरळ आडवा नाही. मागे पडणारा कीपर हाताला लागलेला चेंडूही गोलमध्येच ढकलतो. दूरचा गुडघा वर ओढा, तो उंची देतो. जमिनीला लागण्याचा क्रम पोटरी, मांडी, कंबर, बरगडीची बाजू, खांदा. खालचा हात चेंडूच्या मागे, वरचा चेंडूवर, आणि तिसरा हात म्हणजे जमीन.

तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. कोपर आधी टेकणं: धक्का थेट खांद्यात जातो आणि कोपर बरगडीखाली आलं तर बरगडी दुखावते. पोटावर पडणं: नजर चेंडूवरून हटते, परत उठायला वेळ लागतो. आणि चेंडू यायच्या आधीच झेपावणं, ही भीतीची चूक आहे. तिला उपाय एकच, फेक हळू करा.

पकडता येणार नाही असा चेंडू तळव्याने खांबाच्या बाहेर वळवा, समोर नाही. कमजोर बाजूला एक संच जास्त. आकार बिघडला की आकडा पूर्ण करायला थांबू नका, तिथेच बंद.

गुरुवार: प्रतिक्रिया

आज कमी पण ताजं. दमलेल्या अंगाने केलेला वेगाचा सराव संथपणाच शिकवतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर पूर्ण ४५ सेकंद विश्रांती.

जोडीदार दीड मीटरवर दोन्ही हात खांद्याएवढे पसरून टेनिस बॉल धरेल आणि एक सोडेल. दुसरा टप्पा पडण्याआधी पकडा, १२ वेळा. मग भिंतीसमोर तीन मीटरवर उभे राहा, जोडीदार मागून चेंडू भिंतीवर मारेल, १२ वेळा. शेवटी गोलकडे तोंड. हाक आली की वळा, सात मीटरवरून शॉट, दहा वेळा. शॉट मारणाऱ्याचा टेकलेला पाय आणि कंबर बघा. दिशा अनेकदा तिथे आधी कळते.

शुक्रवार आणि शनिवार

शुक्रवारी २५ मिनिटं: झेल, गोलकिक, पाच पेनल्टी. पेनल्टीला चेंडू मारला जाईपर्यंत एका पायाचा काही भाग रेषेवर, रेषेच्या सरळीत किंवा मागे हवा. डाइव्ह नको. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. रेफ्री शेवटचे पाच सेकंद बोटांनी दाखवतात, तिकडे लक्ष ठेवा.

शनिवारी सामन्यानंतर वहीत तीन आकडे: पकडलेले, वळवलेले, सुटलेले. सुटलेल्यांपुढे पाय की हात तेवढं लिहा. सोमवारच्या फेऱ्या त्यावरून ठरतील.

ग्लोव्ह्ज कोमट पाण्यात धुवून सावलीत वाळवा. गच्चीवर उन्हात टाकले तर लेटेक्स कडक होऊन चिरतं.