पाचवी आणि दहावीच्या पालकांसाठी: टीडी लसीची माहिती आणि संमतीपत्र

नमस्कार पालकहो, मंगळवार 12 ऑगस्ट 2025 ला सकाळी साडेदहापासून आपल्या शाळेत पाचवी आणि दहावीच्या मुलामुलींना टीडीची लस देणार आहेत. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून डॉक्टर, नर्सताई आणि आशाताई येणार आहेत, लस सरकारी आहे, एक रुपयाही द्यायचा नाही. शिबिराचं काम शाळेने माझ्याकडे दिलंय, मी पाचवी अ ची वर्गशिक्षिका. नीट वाचा, घरात आजी-आजोबांनाही वाचून दाखवा आणि मगच सही करा.

आधी एक सांगते, ही काही नवीन लस नाही आणि कोविडचीही नाही. टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन आजारांची लस. मूल दीड महिन्याचं असल्यापासून यांचे डोस तुम्ही देत आलाय, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड-दोन वर्षांचं झाल्यावर बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचं असताना परत एक. पण ती ताकद वर्षांनुवर्षं तशीच राहत नाही, हळूहळू कमी होते, म्हणून 10 व्या आणि 16 व्या वर्षी परत एकेक डोस द्यायचा असं सरकारी वेळापत्रकातच आहे. म्हणून पाचवी आणि दहावी, मधल्या वर्गांना आत्ता नाही.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. आपली मुलं गोठ्यात जातात, अनवाणी खेळतात, पायात खिळा किंवा काटा जातो आणि घरी सांगतही नाहीत, त्या छोट्याशा जखमेतून जंतू आत जातो. जबडा आवळतो, अंग ताठ होतं, झटके येतात, आणि एकदा हा आजार होऊन गेला तरी परत होऊ शकतो, म्हणजे लस सोडून दुसरा भरवसा नाही. घटसर्प मात्र खोकल्या-शिंकेतून एकाचा दुसऱ्याला होतो, घशात राखाडी पडदा तयार होतो, श्वास अडकतो, हृदयावरही परिणाम होऊ शकतो. एका वर्गात पन्नास मुलं मांडीला मांडी लावून बसतात तिथे हा आजार आलेला मला बघायचा नाहीये, अगदी मनापासून सांगते.

लस दंडाच्या वरच्या भागात देतात, अर्धा मिली, प्रत्येक मुलाला नवी सिरिंज. ही सिरिंज एकदा वापरली की आपोआप लॉक होते, दुसऱ्यांदा वापरताच येत नाही, त्यामुळे "एकच सुई सगळ्यांना" ही भीती मनातून काढून टाका. लस बर्फाच्या डब्यात थंड ठेवून आणतात.

आता त्रासाचं. हात दुखतो, सुई टोचलेली जागा लाल होते, थोडी सुजते, काहींना बारीक ताप येतो, हे सगळं एक-दोन दिवसांत जातं. त्या जागी चोळायचं नाही, गरम शेक द्यायचा नाही, हळद-तेल काही लावायचं नाही, थंड पाण्याची ओली पट्टी ठेवली तर बरं वाटतं. तापाची गोळी किती आणि कधी ते नर्सताई सांगतील, आधीपासून देऊन पाठवू नका. या वयाच्या मुलांना सुईच्या भीतीने चक्करही येते, एकाला आली की बघून दुसऱ्यालाही येते, म्हणून बसवूनच सुई देणार आणि नंतर अर्धा तास तिथेच शेजारच्या वर्गात बसवून ठेवणार, कोणालाही लगेच पळू देणार नाही. लसीची खरी मोठी ॲलर्जी फार म्हणजे फारच क्वचित होते, पण झाली तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच कळते, त्यासाठीच तो अर्धा तास आहे आणि डॉक्टरांकडे त्यावरचं इंजेक्शन तयार असतं. घरी आल्यावर अंगावर पित्त उठलं, ओठ-चेहरा सुजला किंवा श्वासाला त्रास वाटला तर वाट बघू नका, सरळ 108 ला फोन करा.

त्या दिवशी अंगारकी आहे हे मला माहितीये, पण आरोग्य केंद्राकडून हीच तारीख मिळाली. मुलाचा उपवास असेल तर राहू दे, पण रिकाम्या पोटी अजिबात पाठवू नका, साबुदाण्याची खिचडी, केळं, दूध, जे चालत असेल ते पोटभर खायला घाला. शर्टाची बाही वर सहज सरकेल असा ढगळ गणवेश घाला.

साधी सर्दी किंवा थोडा खोकला असेल तरी लस चालते. मुलींची पाळी चालू असेल तरी चालते, हे दरवर्षी आया हळूच विचारतात म्हणून इथेच लिहिलं. अंगात चांगला ताप असेल तर त्या दिवशी नको, बरं वाटल्यावर आरोग्य केंद्रात जाऊन घेता येते, तीही फुकटच. पण आधीच्या कुठल्या लसीनंतर मोठा त्रास झाला होता, फिट येतात, दमा आहे, जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही, कुठलं औषध कायम चालू आहे किंवा एवढ्यात पडल्यामुळे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय, यातलं काहीही असेल तर लपवू नका. डॉक्टर बघून ठरवतील, लस द्यायचीच नाही असं दर वेळी नसतं. कागद वर्गात कोणाला दाखवणार नाही, डॉक्टर आणि मी, बस.

वेगळा छापील फॉर्म नाही. खालचा मजकूर वहीच्या कोऱ्या पानावर हाताने उतरवा, वरती मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख आणि तुमचा चालू मोबाईल नंबर लिहा. शुक्रवार 8 ऑगस्टपर्यंत पोचवा. लिहिता येत नसेल तर शाळेत या, मी वाचून दाखवते, अंगठा चालेल. आई-बाबा पुण्या-मुंबईला कामाला आणि मूल आजीकडे असं असेल तर आधी मला फोन लावून द्या, मी आई-बाबांशी बोलते, मग आजीची सही घेऊ.

संमतीपत्र

मी वर नाव लिहिलेल्या मुलाचा किंवा मुलीचा पालक आहे. टीडी लसीची माहिती मी वाचली किंवा मला वाचून दाखवली, ती मला समजली. लस कशासाठी आहे आणि काय त्रास होऊ शकतो ते मला माहिती आहे. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. माझ्या मुलाच्या तब्येतीबद्दल जे सांगायला हवं ते मी या कागदाच्या मागे खरं खरं लिहिलं आहे, मागे काही लिहिलं नसेल तर सांगण्यासारखं काही नाही असं समजावं. मंगळवार 12 ऑगस्ट 2025 रोजी शाळेत माझ्या मुलाला टीडी लस द्यायला माझी संमती आहे. गरज पडली तर लगेच उपचार सुरू करावेत आणि मला फोन करावा. लस देण्याआधी माझा विचार बदलला तर मी शाळेला कळवेन.

खाली सही, नातं आणि तारीख.

नको असेल तर एवढंच लिहा

मी माहिती वाचली आहे. माझ्या मुलाला या शिबिरात टीडी लस देऊ नये.

नको म्हणालात तर मुलाला कोणी बोलणार नाही, हजेरीवर, मार्कांवर काही फरक पडणार नाही. फक्त कागद द्या, कारण कागद आलाच नाही तर आम्ही लस देणार नाही आणि विसरलात की नको होती तेही कळणार नाही. काही विचारायचं असेल तर रोज साडेचारनंतर मी ऑफिसशेजारच्या खोलीत असते. लस झाल्यावर मुलाच्या हातात कार्ड देऊ, ते दप्तरात चुरगळायच्या आत काढून घ्या आणि जन्माच्या दाखल्यासोबत ठेवा, पाचवीवाल्यांना दहावीत परत लागेल.