विंग आणि गल्ल्यांना नावे देण्याबाबत प्रस्ताव

दि. २ जून २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, मनीषनगर, नागपूर

विषय : सहा विंग व चार गल्ल्यांना नावे देणे आणि त्यासाठी सर्वांना मान्य होईल अशी निवड पद्धत ठरवणे.

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात एका रात्री दीडच्या सुमारास माझ्या सासूबाईंना धाप लागली. मी १०८ला फोन करून "दुसरी गल्ली, चिंचेजवळ" असा पत्ता सांगितला. गाडी मागच्या गेटने आत आली. तिकडून मोजली तर आपली तिसरी गल्ली दुसरी ठरते. चालक भाऊ तिथल्या घरांची दारे वाजवत राहिले आणि मी माझ्या फाटकाशी उभी राहून त्यांच्या गाडीचा दिवा पलीकडच्या भिंतीवर फिरताना पाहत होते. अकरा मिनिटे गेली. सासूबाई आता बऱ्या आहेत. पण "दुसरी" म्हणजे कुठून दुसरी, हे आपल्या लेआउटमध्ये कुठेच लिहिलेले नाही, हे त्या रात्री मला कळले.

विंगचेही तसेच. बी, सी, डी, ई ही अक्षरे फोनवर जवळजवळ सारखीच ऐकू येतात. गेटवरचे चौकीदार काका दिवसातून कितीदा विचारतात, "बी म्हटलं का डी, जी?" सिलिंडर चुकीच्या विंगच्या चौथ्या मजल्यावर चढवून पुन्हा उतरवणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. म्हणून नावे हवीत ती शोभेसाठी नव्हे, तर रात्री पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला घर सापडावे म्हणून. पुढची प्रत्येक सूचना मी याच कसोटीवर घासली आहे.

दोन वर्षांपूर्वी हा विषय निघाला होता आणि कुणाचे नाव द्यायचे यावरून ग्रुपवर आठवडाभर कटुता झाली होती. एका थोर माणसाचे नाव सुचवले की दुसऱ्याला आपल्या थोर माणसाची आठवण येणारच, आणि ज्यांचा आपण मान राखायला निघालो त्यांचीच तुलना सुरू होते. म्हणून माझी पहिली विनंती अशी : हयात वा दिवंगत व्यक्ती, देवदेवता, जात, पक्ष, बिल्डर आणि सभासदांची घराणी यांपैकी कोणतेही नाव घेऊ नये. जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. आपण तर कोऱ्या पाटीवर लिहिणार आहोत, तेव्हा सुरुवातीपासूनच स्वच्छ लिहू.

माझे मत : विंगना विदर्भातील नद्यांची नावे आणि गल्ल्यांना झाडांची. आपल्या नळाला येणारे पाणी पेंच आणि कन्हानचे. त्या दोघी मिळून वैनगंगेला जातात, वैनगंगा वर्धेला भेटली की प्राणहिता होते आणि गोदावरीत उतरते. हे मुलांना लिफ्टसमोर उभे राहून सांगता येईल. नाग नदी आज मैली आहे म्हणून कुणी नाक मुरडेल, पण शहराला नाव तिने दिले आहे. ती यादीत असावी असे मला मनापासून वाटते.

तरी कोणतेही नाव घेण्याआधी ते फोनवर सांगून पाहावे. वैनगंगा आणि पैनगंगा दोन्ही ठेवल्या तर बी-डीचाच घोळ पुन्हा होईल, त्यामुळे दोघींपैकी एकच. वर्धा नको, कारण वर्धा रोड जवळच आहे आणि पार्सलवाला तिकडे शोधत बसेल. झाडांतही पळस आणि फणस एकत्र नकोत. नाव तीन-चार अक्षरांत आटोपावे आणि शहरातल्या दुसऱ्या वस्तीचे नसावे.

जिथे नाव आधीच लोकांच्या तोंडी आहे, तिथे त्याला पहिला मान द्यावा. दुसऱ्या गल्लीच्या टोकाची चिंच लेआउट पडण्याआधीपासूनची आहे. भाजीवाल्या मावशी आजही "चिंचेची गल्ली" असेच म्हणतात. त्या गल्लीतल्या निम्म्याहून अधिक घरांची हरकत नसेल, तर तिथे मतदानाची गरजच नाही.

निवडीची पद्धत अशी असावी. रविवार १५ जूनला क्लब हाउसमध्ये बसून आधी फक्त विषय ठरवू : नद्या, झाडे, किल्ले, पक्षी, जे बहुमताला पटेल ते. माझा विषय पडला तर मी तो सोडेन. त्यानंतर २९ जूनपर्यंत गेटजवळच्या पेटीत सूचना टाकाव्यात. भाडेकरू आणि मुलांनीही टाकाव्यात, कारण पत्ता तेही सांगतात. पाच जणांचा गट वरच्या नियमांत न बसणारी नावे काढेल आणि प्रत्येक नाव का काढले ते एका ओळीत नोटीस बोर्डावर लावेल. गटात दोन विंगचे सभासद, दोन रो-हाउसचे आणि एक भाडेकरू असावा. ज्याने नाव सुचवले तो गटात नसावा, म्हणून मीही नसेन.

मतदान २० जुलैला, एका घराला एक चिठ्ठी, एकूण १५६. इथे एक गोष्ट आग्रहाने सांगते. एकाच नावावर खूण करायला लावू नये. वीस नावांत मते फुटली की पंचवीस घरांची पसंतीही जिंकते आणि उरलेल्या १३१ घरांना ते नाव कायमचे वागवावे लागते. त्याऐवजी जी जी नावे चालतील त्या सगळ्यांवर खूण करावी. सर्वाधिक घरांना चालणारी सहा नावे विंगसाठी घ्यावीत, पण ज्यावर निम्म्या मतदारांचीही खूण नाही ते नाव घेऊ नये. जागा उरली तर उरलेल्या नावांवर पुन्हा मत घ्यावे. चिठ्ठीवर सुचवणाऱ्याचे नाव नसावे आणि नावांचा क्रमही सोडतीने लावावा, नाहीतर वरची नावे उगाच पुढे जातात. मोजणी त्याच संध्याकाळी सर्वांसमोर व्हावी. बरोबरी झाली तर लहान मुलाने चिठ्ठी उचलावी.

कोणते नाव कोणत्या विंगला, हेही चिठ्ठ्यांनीच ठरावे. गल्ल्यांचे मात्र त्या त्या गल्लीतल्या घरांनी ठरवावे. झाड तिथेच उभे आहे, सावली त्यांच्या अंगणात पडते.

जुनी अक्षरे जात नाहीत. इंडेक्स-२, शेअर सर्टिफिकेट, वीजबिल, घरटॅक्स यांतला पत्ता आहे तसाच राहील आणि पाटीवर नावाखाली अक्षर लिहिले जाईल. गल्ल्या संस्थेच्या आवारातल्या आहेत. बाहेरचा रस्ता महानगरपालिकेचा, त्याला आपण हात लावणार नाही. विंगच्या सहा पाट्या प्रत्येकी २,४०० रुपये आणि गल्ल्यांच्या दोन्ही टोकांना मिळून आठ पाट्या प्रत्येकी १,६०० रुपये, एकूण २७,२०० रुपये. म्हणजे घरामागे सुमारे १७५. अक्षरे देवनागरीत, मोठी आणि गाडीच्या दिव्यात चमकणारी असावीत. गल्लीच्या पाटीवर दोन्ही गेटकडे बाण असावा.

१० ऑगस्टच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत हा विषय घ्यावा. नोटीस १४ पूर्ण दिवस आधी निघायला हवी आणि मोजणी २० जुलैला संपते, तेव्हा २५ जुलैला नोटीस काढता येईल. ठराव असा मांडावा :

"२० जुलै २०२५ च्या मतदानात व सोडतीत निश्चित झालेली विंग व गल्ल्यांची नावे ही सभा मान्य करीत आहे. मूळ विंग-अक्षरे व सदनिका क्रमांक कायम राहतील. पाट्यांसाठी २७,२०० रुपयांपर्यंतच्या खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. ही नावे पुढील दहा वर्षे बदलण्याचा प्रस्ताव दोन तृतीयांश घरांच्या लेखी मागणीशिवाय घेतला जाणार नाही."

पाट्या तान्ह्या पोळ्याच्या आत लागाव्यात. त्या दिवशी मुले लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात, तेव्हा नव्या नावांची पहिली ओळख त्यांच्याच तोंडून होईल. पाट्या लागल्या की १०८ला पत्ता कसा सांगायचा याचा एक कागद मी प्रत्येक घरी स्वतः नेऊन देईन.

आपली विनीत,
सभासद, रो-हाउस क्र. १४, दुसरी गल्ली