कुरळ्या केसांचा आठवडा: भाचीसाठी

सगळ्यात आधी, कोरड्या केसांत कंगवा घालणं बंद. सकाळी कॉलेजला निघताना तू जो कराकरा विंचरतेस ना, त्यातच तुझे निम्मे केस जातात. बाथरूममध्ये पडलेला एखादा केस उचलून बघ. टोकाला पांढरी बारीक गाठ असेल तर तो मुळापासून गळलाय; दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. गाठ नसेल आणि केस आखूड असेल, तर तो तुटलाय. तुझ्या कंगव्यातले मी बघितले, बहुतेक तुटलेलेच होते. म्हणजे गळण्यावरचं तेल आणि गोळ्या विकत घ्यायची गरज नाही, हाताळणी बदलायला हवी.

"ओले केस विंचरू नकोस, तुटतात" असं तुझी आई म्हणते. तिचे केस सरळ आहेत आणि सरळ केसांना ते लागू आहे, कारण ओला केस जास्त ताणला जातो आणि कमकुवत होतो. आपले केस मात्र वळणावळणाला एकमेकांत अडकतात आणि कोरडे असताना घासून तुटतात. म्हणून आपण ओले असतानाच गुंता सोडवायचा, पण भरपूर कंडिशनर लावून. नुसत्या पाण्याने भिजलेल्या केसांत कंगवा घातलास तर आईचंच खरं होईल.

शनिवारी रात्री

खोबरेल तेल, तेही टाळूला चोळून नाही, केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. टाळूचं स्वतःचं तेल वळणं उतरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून आपली टोकं कायम तहानलेली आणि टाळू मात्र तेलकट. तुला कोंडा आहे, तर टाळूला तेल नकोच. कोंडा वाढवणारी बुरशी त्याच तेलावर जगते. मग सैल वेणी घालून झोप.

रविवारी: शाम्पूचा दिवस

घाईच्या दिवशी हे करू नकोस, पाऊण तास तरी हाताशी ठेव. तुझ्या खोलीत बोअरचं पाणी येतं हे विसरू नकोस. नळाच्या तोंडाशी पांढरे डाग आहेत, साबणाला फेस येत नाही. तेच क्षार केसावर बसतात आणि केस राठ होतात. कॉर्पोरेशनचं पाणी ज्या वेळेला येतं, तेव्हा एक बादली भरून ठेव आणि शेवटचं धुणं त्यानेच कर. बाकी धुवायला बोअरचं चालेल. कोमट पाणी घे, कढत नको.

शाम्पू सल्फेट नसलेला, फक्त टाळूला, बोटांच्या पेरांनी. फेस खाली ओघळतो तेवढ्याने लांबी साफ होते, तिला वेगळं चोळायला लागत नाही. डोक्यावर सगळे केस गोळा करून चोळायची तुझी सवय आहे, तीच गाठी करते. महिन्यातून एकदा जड पाण्यासाठीचा शाम्पू वापर, नाहीतर क्षारांचा थर साचतच जातो. शिकेकाईला माझी ना नाही, पण पूड कुरळ्या केसांत अडकून बसते आणि ती काढताना पुन्हा ओढाताण. आजीसारखं उकळून, गाळून घेणार असशील तर चालेल.

आता मुख्य काम. शाम्पू धुतल्यावर पाणी निथळू दे आणि केसांचे चार भाग करून चिमटे लाव. डाव्या कानामागून सुरू कर, तिथे गुंता सगळ्यात जास्त असतो. एका भागावर हाताला बुळबुळीत लागेल इतका कंडिशनर ओत. कंजूषपणा केलास तर कंगवा ओढावा लागेल. आधी बोटांनी मोठ्या गाठी मोकळ्या कर, मग मोठ्या दातांचा कंगवा. सुरुवात टोकापासून. टोक मोकळं झालं की दोन बोटं वर, मग आणखी वर, शेवटी मुळाशी. दुसऱ्या हाताने कंगव्याच्या वरचा केस घट्ट धर, म्हणजे ताण मुळावर जात नाही. गाठ अडली तर तिथेच थांब, आणखी कंडिशनर लाव, बोटांनी दोन्ही बाजूंनी उकल. कात्री शेवटचा उपाय. मोकळा झालेला भाग सैल पिळून पुन्हा चिमट्यात अडकव, नाहीतर शेजारच्यात गुंतेल.

हे करताना हातात केसांचा पुंजका आला की घाबरू नकोस. आठवडाभर गळलेले केस कुरळ्या केसांतच अडकून राहतात आणि त्या दिवशी एकदम निघतात.

सगळं झालं की धू, पण इतकं नको की केस करकरीत लागेल. टॉवेल घासायचा नाही. बाबांचा जुना सुती टी-शर्ट घे आणि केस मुठीत दाबून पाणी शोष. केस ओले असतानाच जेल लाव. विकतचा घेऊ नकोस, जवसाचा घरी होतो: दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, दहा मिनिटं ढवळत उकळ आणि गरम असतानाच गाळ. थंड झाल्यावर गाळायला गेलीस तर चिकटून बसतो. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. रविवार कारंजावर जवस सुटे मिळतील, चटणीपुरते जास्तीचे घे.

बुधवारी: फक्त कंडिशनरने धुणं

याला को-वॉश म्हणतात. शाम्पू नाही. केस भिजव, हलका कंडिशनर मूठभर घे आणि टाळूवर पेरांनी दोन-तीन मिनिटं चोळ. मळ कंडिशनर आणि चोळणं मिळून सुटतो, म्हणून चोळण्यात आळस नको. मग गुंता वरच्यासारखाच सोडव, पण आता तो कमी असेल. धुताना टाळू नीट स्वच्छ होईपर्यंत पाणी घाल, कंडिशनर मुळाशी राहिला तर खाज सुटते. या कामासाठी बाटलीवर "कोन"ने संपणारी नावं, जसं डायमेथिकोन, नसलेला घे, कारण ती नुसत्या कंडिशनरने निघत नाहीत, साचतात. सेटिल किंवा सेटिअरिल अल्कोहोल दिसलं तर घाबरू नकोस, ते केस मऊ करणारं असतं. कोंडा उसळला असेल त्या आठवड्यात को-वॉश सोडून दे आणि कोंड्याचा शाम्पू लाव.

मधल्या दिवशी

सकाळी कंगवा नाही. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि चमचाभर कंडिशनर हलवून, वळणं दबलेल्या जागी मार आणि मुठीत दाब. रात्री केस डोक्यावर सैल बांधून, सॅटिनच्या उशीवर झोप. सुती अभ्रा ओलावा शोषतो आणि घासतो. गाडीवर हेल्मेटखाली सॅटिनचा रुमाल बांध, तोच स्कार्फ कॉलेजरोडच्या धुळीपासूनही वाचवेल. रबर बँड फेकून दे, कापडी घे.

थंडीत, पारा दहाच्या खाली गेला की रात्री केस धुवू नकोस. ओले केस घेऊन झोपलीस तर टाळू ओलसर राहतो, शिवाय सर्दी झाली की आईचा फोन मला येईल. रविवारी दुपारी धू आणि वाऱ्यावर वाळव. ड्रायर वापरायचाच तर मंद गरम हवा आणि पुढे डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणारं भोकाभोकांचं तोंड, लावून.

फाटे फुटलेली टोकं काही लावून जुळत नाहीत. दिवाळीला आलीस की माझ्याबरोबर चल, दोन बोटं कापू. सलूनमध्ये आधीच सांगायचं: केस वाळलेले असताना कापा, कारण ओले लांब दिसतात आणि वाळून वर चढतात, पातळ करायची कात्री आणि ब्लेड लावू नका. टाळूवर गोल चट्टे पडले किंवा मुळापासूनच मूठमूठ केस यायला लागले तर मात्र मला नको विचारूस, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

— मावशी